मेंटेनन्स थकला, पण शेजार टिकला

झोपडीतून किंवा चाळीतून आपली माणसे पक्क्या इमारतीत राहायला गेली, तेव्हा घराबरोबर त्यांच्या हाती दर महिन्याचा एक नवा कागद आला. तो कागद म्हणजे सोसायटीचे मेंटेनन्सचे बिल. वस्तीत असताना नळाचे आणि विजेचे पैसे देऊन आपण मोकळे होत असू. जिना, लिफ्ट, पाण्याचा पंप, वॉचमन हा खर्च तिथे नव्हताच. म्हणून पुष्कळ घरांत अजूनही हे बिल म्हणजे कमिटीने लावलेली पट्टी आहे, असाच समज आहे. एखादा सदस्य बिल भरायचे थांबवतो, कमिटी चिडते, जिन्यात शब्दाला शब्द लागतो आणि वर्षानुवर्षे एका वस्तीत सुखदुःखात उभे राहिलेले शेजारी एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात.

अशा भांडणात मध्यस्थ म्हणून आम्हाला पुष्कळदा बोलावणे येते. हिशेबाच्या वह्या तपासणे हा आमचा रोजचा धंदा असल्यामुळे लोक हक्काने बोलावतात. त्यातले एक प्रकरण येथे सविस्तर देत आहोत. सोसायटीचे आणि माणसांचे नाव सांगत नाही, कारण ती सर्व मंडळी आज सुखाने एकत्र नांदत आहेत.

इमारत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली, सात मजली, घरे ४२. महिन्याचे बिल दर घरी १,१५० रुपये. त्यातले १,००० रुपये रोजच्या खर्चाचे आणि १५० रुपये दुरुस्ती निधी व सिंकिंग फंडाचे. रोजचा खर्च असा : लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचे वीजबिल १३ हजार, वॉचमन १२ हजार, पाणी ७ हजार, सफाई ५ हजार, लिफ्टच्या देखभालीचा करार साडेतीन हजार, आणि ऑडिट, स्टेशनरी वगैरे दीड हजार. एकूण ४२ हजार. म्हणजे ४२ घरांनी हजार-हजार दिले तरच तोंडमिळवणी होते, वर एक पैसा उरत नाही.

या योजनेतल्या इमारतींत आणखी एक गैरसमज फार आढळतो. "बिल्डरने आमच्या नावावर पैसे ठेवलेत, त्याच्या व्याजावर सोसायटी चालवा," असे लोक म्हणतात. ठेव असते हे खरे. या इमारतीची ठेव दर घरामागे २० हजार रुपये होती. ४२ घरांचे झाले ८ लाख ४० हजार. त्यावर सहा टक्के व्याज धरले तर वर्षाला ५०,४०० आणि महिन्याला ४,२०० रुपये होतात. म्हणजे एका घरामागे महिन्याला १०० रुपये. हजार रुपयांच्या खर्चाला शंभर रुपयांचा टेकू! हा साधा भागाकार आम्ही ज्या ज्या सभेत फळ्यावर मांडला, तिथे निम्मी कुरबूर तिथेच मिटली.

तर या इमारतीत चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ २२ महिने बिल भरत नव्हते. महापालिकेत सफाई खात्यात नोकरी, निवृत्तीला दोनतीन वर्षे राहिलेली. वस्तीत त्यांना सगळे काका म्हणत. माणूस व्यसनी नाही, बुडवणारा नाही. पण कमिटीचे कोणी आले की दारातूनच सांगत, "पैसे देणार नाही. काय करायचं ते करा." त्यांचे पाहून आणखी चार घरांनी हात आखडता घेतला. पाच घरांचे मिळून दर महिन्याला ५,७५० रुपये येईनासे झाले. ज्या सोसायटीकडे एक रुपया शिल्लक उरत नाही, तिथे एवढी तूट कुठून भरून काढणार? कमिटीने आधी लिफ्टचा देखभाल करार थकवला. मग एके दिवशी लिफ्ट बंद पडली, कंपनीने मागील पैसे आल्याशिवाय माणूस पाठवायला नकार दिला आणि सहाव्या मजल्यावरची गुडघ्याने अधू झालेली म्हातारी अकरा दिवस घरातच अडकून पडली. नियमित पैसे भरणाऱ्या सदतीस घरांचा संताप होणे साहजिक होते.

त्या संतापात सभेत दोन सूचना आल्या. पहिली, काकांचे नाव आणि रक्कम मोठ्या अक्षरात गेटवर लावा. दुसरी, त्यांचे पाणी तोडा.

पाणी तोडण्याविषयी आम्ही तिथेच स्पष्ट सांगितले. सोसायटीच्या उपविधींनी कमिटीला थकबाकी वसूल करण्याचा मार्ग दिलेला आहे, पण पाणी तोडण्याचा अधिकार कुठेही दिलेला नाही. पाणी तोडले तर काका तक्रार घेऊन जातील आणि आजवर फिर्यादी असलेली कमिटी आरोपी होऊन बसेल. शिवाय १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर पाण्याच्या हक्कासाठी ज्यांचे आजे-पणजे चालून गेले, त्यांनी शेजाऱ्याचा नळ बंद करण्याची भाषा करावी, हे आपल्याला शोभते का, एवढाच प्रश्न आम्ही विचारला. सभा गप्प झाली.

गेटवर नाव लावण्याचाही उपयोग होत नाही, असा आमचा अनुभव आहे. थकबाकीचा आकडा वार्षिक हिशेबात दिसतो, सभेत विचारला जातो, ते योग्यच आहे. पण येणाऱ्या पाहुण्याने, मुलीच्या सासरच्या माणसांनी वाचावे म्हणून फलक लावला, की माणूस पैशाचा विचार सोडून अब्रूचा विचार करू लागतो. मग तो पैसे हातात असतानाही भरत नाही, कारण भरले तर आपण हरलो असे त्याला वाटते.

म्हणून ठरले की दोनच माणसांनी काकांच्या घरी जायचे. पाच-सहा जण गेले की त्याला मोर्चाचे रूप येते. दोघांत एक सोसायटीच्या सेक्रेटरी, त्यांना सगळे ताई म्हणतात, आणि दुसरे आम्ही. आधी फोन करून वेळ विचारली. काकांची ड्युटी पहाटेची, म्हणून रविवारी संध्याकाळी पाच वाजता जायचे ठरले. जाताना तीन कागद बरोबर घेतले : काकांच्या खात्याचा उतारा, इमारतीच्या महिन्याच्या खर्चाचा तक्ता आणि उपविधींची प्रत.

पैशाची गोष्ट आम्ही आधी काढलीच नाही. ताईंनी एवढेच विचारले, "काका, तुम्ही पहिली काही वर्षं एक बिल चुकवलं नाहीत. मग मधेच का थांबलात?"

काका उठले आणि आम्हाला न्हाणीघरात घेऊन गेले. छताचा गिलावा सुटला होता, लोखंडी सळई दिसत होती, भिंत काळी पडली होती. "दोन वर्षं झाली ताई. तीन अर्ज दिले. तुमच्या आधीच्या सेक्रेटरीनं सांगितलं, वरच्याशी बोला. वरचे म्हणतात, आमच्याकडे काही गळत नाही. माझ्या डोक्यावर पाणी पडतंय आणि मी लिफ्टचे पैसे भरू?"

थकबाकीच्या प्रकरणात हे पुष्कळदा आढळते. पैसे नसणे हे कारण असते, पण त्याहून अधिक वेळा मागे एखादी अनुत्तरित तक्रार असते. गळती, पार्किंग, चुकलेले बिल, जुन्या कमिटीला रोख दिलेले आणि वहीत न चढलेले पैसे. बिल अडवणे हे त्या माणसाचे तक्रार ऐकवण्याचे शेवटचे साधन असते. ते साधन चुकीचे आहे, कारण तक्रार आहे म्हणून बिल अडवण्याचा हक्क सदस्याला मिळत नाही. पण तक्रार खोटी असतेच असे नाही. म्हणून आम्ही कागदाचे तीन भाग केले. पहिल्यात काकांना जे मान्य आहे ते, दुसऱ्यात आकड्यांविषयी जो वाद आहे तो आणि तिसऱ्यात गळतीची तक्रार. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवले आणि विचारले, "काही राहिलं का?" काका म्हणाले, "नाही. एवढंच." त्या दिवशी तेवढ्यावरच उठलो. चहा मात्र घेतला.

आता दुसरा भाग, आकड्यांचा. सोसायटीने काकांना पाठवलेल्या शेवटच्या बिलात ३२,७३९ रुपये मागितले होते. काका म्हणत, "बावीस महिन्यांचे एवढे कसे?" आम्ही वही घेऊन बसलो. २२ महिने गुणिले १,१५० म्हणजे मुद्दल २५,३००. याविषयी वाद नाही. राहिलेल्या ७,४३९ रुपयांत दोन गोष्टी निघाल्या. एक, दर महिन्याला १०० रुपये 'लेट फी' लावलेली, तिचे झाले २,२००. उपविधींत अशी वेगळी लेट फी कुठेही नव्हती. सर्वसाधारण सभेचा ठरावही नव्हता. पूर्वीच्या खजिनदाराने ती आपल्या मनाने सुरू केली होती. दुसरी गोष्ट व्याजाची. उपविधींत सरळ व्याज लिहिलेले असते आणि त्याला कमाल मर्यादा असते. २०१४ च्या आदर्श उपविधींत ती वर्षाला २१ टक्के आहे. या सोसायटीने तेच उपविधी स्वीकारलेले होते आणि सभेने २१ टक्के दर ठरवला होता. पण हिशेब करताना दर महिन्याच्या व्याजावर पुन्हा व्याज चढवले गेले होते. त्यामुळे व्याज ५,२३९ रुपये झाले होते.

सरळ व्याज कसे काढायचे ते प्रत्येक गृहिणीला जमण्यासारखे आहे. १,१५० रुपयांवर वर्षाला २१ टक्के म्हणजे महिन्याला २० रुपये साडेबारा पैसे. पहिले बिल २१ महिने थकले, दुसरे २० महिने, असे करत शेवटच्या बिलावर व्याज शून्य. या सगळ्या महिन्यांची बेरीज २३१ होते. २३१ ला त्या वीस रुपये साडेबारा पैशांनी गुणले की सुमारे ४,६४९ रुपये. म्हणजे खरी मागणी २५,३०० अधिक ४,६४९, एकूण २९,९४९ रुपये. सोसायटी २,७९० रुपये जास्त मागत होती.

हा फरक ताईंनी स्वतः काकांना जाऊन सांगितला आणि सुधारलेले बिल सहीशिक्क्यासह दिले. कमिटीतल्या काहींना हे रुचले नाही. "आपलीच चूक आपण का दाखवायची?" असे ते म्हणाले. आमचे म्हणणे असे की चुकीचे बिल घेऊन निबंधकाकडे गेले असते तर तिथे ती चूक निघालीच असती आणि प्रकरण लांबले असते. शिवाय काकांच्या मनात जी गाठ होती, ती या दुरुस्तीने सैल झाली. "हिशेब बरोबर केला ना, मग मी कशाला भांडू?" असे ते पहिल्यांदा म्हणाले.

तिसरा भाग गळतीचा. इथे पुष्कळ सोसायट्या गोंधळतात. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची गळती, बाहेरच्या भिंती, पावसाचे पाणी उतरवणारे पाईप आणि सामाईक ड्रेनेज लाईन यांची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. वरच्या घरातल्या न्हाणीघरातून किंवा संडासातून खालच्या घरात पाणी झिरपत असेल, तर तो खर्च सोसायटीचा नसून संबंधित सदस्याचा असतो. म्हणून आधी पाणी येते कुठून ते शोधायला हवे. त्याशिवाय "वरच्याशी बोला" म्हणणे म्हणजे दोन शेजाऱ्यांत भांडण लावून देणे होय.

शोधण्याची रीत सोपी आहे. वरच्या न्हाणीघराच्या जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवतात, दोन बोटे पाणी साठवतात आणि त्यात रंग कालवतात. एक दिवस थांबतात. खाली रंगीत ओल आली तर दोष वरच्या लादीत किंवा जाळीच्या सांध्यात आहे. रंग न येता ओल तशीच राहिली तर पाणी दुसरीकडून येते आहे. ओल फक्त पावसाळ्यात वाढते की बाराही महिने सारखी असते, हेही विचारावे. फक्त पावसात असेल तर बाहेरची भिंत तपासावी. बाराही महिने असेल आणि सकाळी सगळ्यांच्या वापराच्या वेळी वाढत असेल तर पाईपवर संशय घ्यावा.

पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी परवानगी दिली. प्लंबरने हिरवा रंग टाकला. दुसऱ्या दिवशी काकांच्या छतावर हिरवा ठिपकासुद्धा नव्हता, पण ओल होती. डक्टमध्ये उतरून पाहिले तर सांडपाण्याच्या सामाईक उभ्या पाईपचा सांधा चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे फुटलेला. म्हणजे काम सोसायटीचे होते आणि पाचव्या मजल्यावरच्या वहिनी दोन वर्षे विनाकारण बोलणी खात होत्या. हे कळल्यावर काका स्वतः जिना चढून त्यांच्या दारी गेले.

पाईप बदलणे, परात बांधणे आणि छताचा गिलावा मिळून खर्च १६,५०० रुपये आला. तो दुरुस्ती निधीतून केला. येथे एक गोष्ट आम्ही आग्रहाने मांडली. काहींचे म्हणणे होते की काकांनी सगळे पैसे भरल्यावरच पाईप बदलावा. आम्ही म्हटले, दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधू नका. पाईप सोसायटीचा आहे, तो फुटला तर दुरुस्त करणे सोसायटीचे कर्तव्य. बिल सदस्याचे आहे, ते भरणे त्याचे कर्तव्य. "तू हे कर मग मी ते करतो" अशी अट कमिटीनेच घातली, तर काकांच्या अडवणुकीला कमिटीने मान्यता दिल्यासारखे होईल. पंचवीस दिवसांत पाईप बदलला, तेव्हा काकांनी अजून एक रुपयाही भरलेला नव्हता.

आता वसुलीचे बोलणे. आम्ही काकांना विचारले, "दर महिन्याचं चालू बिल सोडून वर किती काढू शकाल? घरात विचारून सांगा, आज सांगू नका." काकू तिथेच होत्या. त्यांनी पगार, पतपेढीचा हप्ता, नातवाची शाळा असा हिशेब केला आणि दोन दिवसांनी निरोप आला की वर सव्वादोन हजार जमतील, आणि लगेच पाचेक हजार देता येतील. हप्ता घरातल्या बाईला विचारून ठरवावा, असे आम्ही नेहमी सांगतो. पुरुषाने सभेत भीडेखातर कबूल केलेला पाच हजारांचा हप्ता दुसऱ्याच महिन्यात मोडतो.

राहिला व्याजाचा प्रश्न. मुद्दल सोडण्याचा अधिकार कमिटीला नाही, तो सगळ्यांचा पैसा आहे. व्याजात सवलत द्यायची तर तीही सेक्रेटरीने दारात उभे राहून देता येत नाही. सर्वसाधारण सभा बोलवावी, विषय नोटिशीत लिहावा आणि ठराव सगळ्या थकबाकीदारांना सारखा लागू करावा. एकालाच सवलत दिली तर वशिल्याचा आरोप होतो. सभेने ठराव केला की जो सदस्य लेखी हप्ते बांधून वेळेवर फेड करील, त्याच्या थकबाकीवर २१ ऐवजी साडेदहा टक्के व्याज धरावे आणि हप्ते चालू असेपर्यंत नवे व्याज लावू नये. हप्ते मोडले तर मूळ दर परत लागू. नियमित भरणारे नाराज होऊ नयेत म्हणून ताईंनी सभेत सरळ सांगितले, "आपल्याला व्याजात कमी मिळेल, पण लिफ्ट महिनाभरात चालू होईल. अधिकाऱ्याकडे गेलो तर पूर्ण व्याज मागता येईल, पण लिफ्ट कधी चालू होईल ते मी सांगू शकत नाही." ठराव मंजूर झाला.

काकांचा हिशेब असा झाला : मुद्दल २५,३०० आणि निम्मे व्याज २,३२५, एकूण २७,६२५. सही करताना ५,१२५ भरले. उरले २२,५००. त्याचे २,२५० चे दहा हप्ते. चालू बिल १,१५० धरून दर महिन्याला ३,४०० रुपये, पगार झाल्यावर सात तारखेच्या आत, थेट सोसायटीच्या बँक खात्यात. रोख कोणाच्याही हाती द्यायचे नाही, असे दोन्ही बाजूंनी ठरवले. पुढच्या तारखांचे चेक घेण्याची सूचना आली होती. ती आम्ही बाजूला ठेवली, कारण एक चेक परत गेला तरी प्रकरण फौजदारीच्या वाटेवर जाते आणि मग समेट कसला?

हा करार एका पानावर मावला. त्यात पाचच गोष्टी होत्या. थकबाकी किती ते काकांनी मान्य केले. हप्ता किती आणि कोणत्या तारखेला ते लिहिले. येणाऱ्या पैशातून आधी चालू बिल, मग जुने मुद्दल आणि शेवटी व्याज वळते करायचे, असा क्रम लिहिला. हा क्रम लिहिला नाही, तर खजिनदार आधी व्याज वळते करतो, मुद्दल तसेच दिसते आणि सहा महिन्यांनी पुन्हा "मी एवढे भरले ते गेले कुठे?" हा वाद उभा राहतो. चौथे, अडचण आली तर पाच तारखेच्या आत कळवून एकच हप्ता शेवटी ढकलता येईल, चालू बिल मात्र ढकलता येणार नाही. पाचवे, लागोपाठ दोन हप्ते चुकले तर सोसायटी निबंधकाकडे वसुलीचा अर्ज करील. यावर काकांची, ताईंची, अध्यक्षांची आणि दोन साक्षीदारांची सही झाली. एक प्रत काकांकडे, एक दप्तरी.

शाळा सुरू होण्याच्या महिन्यात काकांचा फोन आला, "ताई, पोराची फी आहे. या वेळी फक्त चालू बिल भरतो." त्यांनी चार तारखेला कळवले होते. करारात सोय होती, म्हणून कोणाला चिडण्याचे कारणच उरले नाही. दहाऐवजी अकरा महिन्यांत सगळे पैसे आले. उरलेल्या चार घरांपैकी तिघांनी त्याच ठरावाखाली हप्ते बांधले. लिफ्ट तर पहिल्याच महिन्यात काकांच्या आणि त्या तिघांच्या सुरुवातीच्या रकमेतून चालू झाली.

चौथे घर मात्र वेगळे होते. त्याचा मालक दुसरीकडे राहतो, इथे भाडेकरू ठेवून दर महिन्याला भाडे घेतो. दोनदा भेटीची वेळ दिली, आला नाही. तक्रार काय ते सांगत नाही, हिशेब पाहत नाही, सही करत नाही. समेटाची मर्यादा इथे संपते. ज्याला अडचण आहे आणि जो बोलतो, त्याच्यासाठी हप्ते. ज्याला अडचण नाही आणि जो बोलतही नाही, त्याच्यासाठी कायदा.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. पूर्वी गृहनिर्माण संस्थांची वसुली त्याच्या कलम १०१ खाली होत असे. २०१९ च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यातले कलम १५४ब-२९ आता वसुलीसाठी लागते. थकबाकीच्या लेखी नोटिसा आणि त्या पोचल्याचा पुरावा, कमिटीचा ठराव, खात्याचा उतारा, उपविधींची प्रत आणि चौकशी फीची पावती जोडून निबंधकाकडे अर्ज करावा लागतो. पुनर्वसन योजनेतल्या संस्थांसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणात निबंधकाचे वेगळे कार्यालय आहे. निबंधक दोन्ही बाजू ऐकून वसुलीचा दाखला देतात. त्यानंतर वसुली अधिकाऱ्याला जप्तीपर्यंत जाता येते. दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची तर सदस्याला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणजे हे हत्यार बोथट नाही. पण त्याला महिने लागतात, कमिटीच्या माणसांना कामावर खाडे करून खेपा घालाव्या लागतात आणि शेजाऱ्याच्या घरावर जप्तीची नोटीस लागलेली सगळी इमारत पाहते.

काकांशी बोलणी चालू होती तेव्हाही ताईंनी नोटिसा वेळच्या वेळी, सभ्य भाषेत आणि पोच घेऊन दिल्या होत्या. काकांना त्यांनी आधी सांगितले होते, "काका, नोटीस येईल, राग मानू नका. ती दप्तराची गरज आहे. बोलणं आपलं चालूच राहील." काकांनी राग मानला नाही. चौथ्या घराच्या बाबतीत त्याच शिस्तीचा उपयोग झाला, कारण अर्जासाठी लागणारा एकही कागद कमी पडला नाही. तो अर्ज आता दाखल झाला आहे.

ज्या वाचकांच्या सोसायटीत असे प्रकरण धुमसत असेल, त्यांनी आज एवढेच करावे. थकबाकीदाराच्या खात्याचा उतारा काढून व्याज सरळ आहे की चढते, उपविधीत नसलेला दंड लावला आहे का, एवढे तपासावे. त्याचे जुने अर्ज फायलीत पडले असतील ते वाचावेत. आणि मग त्याला भेटीची वेळ विचारावी.